व्हायवाच्या प्रश्नांची वही: परीक्षक विचारतील ते प्रश्न आणि थिसिसमधूनच काढलेली छोटी उत्तरं

थिसिस विद्यापीठात जमा झाली, अहवाल आले, आता व्हायवाची तारीख येईल. या मधल्या दिवसांत बहुतेक जण स्लाइड्सवर खपतात. रंग बदलतात, नकाशे मोठे करतात. सादरीकरण मात्र अर्ध्या-पाऊण तासात संपतं, आणि खरी परीक्षा त्यानंतरच्या प्रश्नांत असते. म्हणून तयारीचा मोठा वाटा एका वहीला द्यावा असं मी सांगते. त्या वहीत परीक्षक विचारू शकतील असे पंचवीस-तीस प्रश्न लिहायचे. प्रत्येकाखाली तीन वाक्यांचं उत्तर, आणि त्या उत्तराला आधार देणारं थिसिसमधलं पान. यातला पान क्रमांक सगळ्यात महत्त्वाचा. ज्या उत्तराला पान सापडत नाही, ते उत्तर तुम्ही मनाने रचलेलं असतं, आणि परीक्षकांना ते लगेच कळतं. समोर थिसिस उघडून बसलेला माणूस लगेच विचारतो, "हे कुठे लिहिलंय?"

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक थिसिस घेऊ. विषय अर्थशास्त्राचा: पुण्यातील घरकामगार महिलांचा बसप्रवास आणि कामाची निवड. जनता वसाहत, अप्पर इंदिरानगर आणि वारज्याचं रामनगर या तीन वस्त्यांतून प्रत्येकी ६० अशा १८० महिलांच्या मुलाखती, ऑक्टोबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या काळात घेतलेल्या. थिसिस २०२४ च्या सुरुवातीला जमा झाली. मुख्य निष्कर्ष असा: ज्यांना बस बदलावी लागते अशा ७२ जणींपैकी २७ जणींनी गेल्या वर्षभरात प्रवासाच्या त्रासापायी एखादं घरकाम सोडलं, आणि थेट बस असलेल्या १०८ जणींपैकी २२ जणींनी. हे आकडे आणि पुढचे पान क्रमांक फक्त उदाहरणासाठी आहेत.

आधी हाताशी काय हवं

जमा केलेली छापील प्रत. लॅपटॉपमधली वर्ड फाइल चालणार नाही, कारण बाइंडिंगला देताना समास बदलले की पानं सरकतात. परीक्षकांकडे जी प्रत गेली, तिचेच पान क्रमांक वहीत यायला हवेत.

दुसरी गोष्ट म्हणजे बहिःस्थ परीक्षकांचे अहवाल. २०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणे किमान दोन बहिःस्थ परीक्षक प्रबंध तपासतात, आणि व्हायवाला गाइडबरोबर त्यांच्यातले किमान एक जण असतात. म्हणजे अहवाल लिहिणारी व्यक्तीच बहुधा तुमच्यासमोर बसणार. अहवाल गाइडमार्फत मागून घ्या आणि त्यातलं कौतुक बाजूला ठेवून फक्त हरकती आणि सूचना वेगळ्या काढा. त्यांनी लेखी विचारलेलं ते तोंडी विचारतातच, आणि तिथे अडखळणं वाईट दिसतं, कारण तो पेपर तुम्हाला आधीच मिळालेला असतो.

तिसरं, तुमच्या संशोधन सल्लागार समितीच्या, म्हणजे रॅकच्या बैठकांची टिपणं. दर सहा महिन्यांनी तुम्ही प्रगती मांडलीत तेव्हा काय विचारलं गेलं? ज्या मुद्द्यावर तीन वेगवेगळ्या बैठकांत तीन वेगवेगळे लोक अडले, त्यावर एक्स्टर्नलही अडणार असं धरून चाला.

बाकी एक लांब वही आणि रंगीत चिकटपट्ट्या. अप्पा बळवंत चौकात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतील.

पहिली पायरी: प्रश्न शोधणं

कोऱ्या पानासमोर बसून "काय विचारतील बरं?" असा विचार केला तर ठरावीक पाच-सहा प्रश्नच सुचतात. विषय का निवडला, वेगळेपण काय, पुढे काय करणार. हे विचारतातच, पण त्यांच्यासाठी वही लागत नाही. अवघड प्रश्न तुमच्याच वाक्यांत दडलेले असतात. ते असे काढायचे.

थिसिसचा गोषवारा आणि शेवटचं प्रकरण घ्या. प्रत्येक विधानाखाली रेघ मारा आणि त्याला तीन गोष्टी विचारा: हे कशावरून, किती जणांपुरतं, आणि दुसरं काही कारण असू शकेल का? उदाहरणातलं विधान घेऊ: "बस बदलावी लागल्यामुळे महिला कामं सोडतात." कशावरून, तर तक्ता ४.७ वरून. किती जणांपुरतं, तर १८० जणींपुरतं. दुसरं कारण? इथे थांबून खरोखर विचार करा. ज्यांना बस बदलावी लागते त्या बहुधा लांबही राहतात, मग काम सुटतं ते बस बदलण्यामुळे की अंतरामुळे? शिवाय "गेल्या वर्षभरात" म्हणजे कुठलं वर्ष? मुलाखती ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाल्या, तेव्हा त्या वर्षात कोरोनाची दुसरी लाट आणि एप्रिल २०२१ पासूनचे निर्बंध येतात. काम बाईंनी सोडलं की मालकिणीने "आता येऊ नका" म्हटलं? पाहा, एका वाक्यातून दोन भारी प्रश्न निघाले.

पद्धतीच्या प्रकरणात प्रश्न वेगळ्या तऱ्हेने निघतात. तिथे तुम्ही जिथे जिथे निवड केली आहे, तिथे "हेच का, ते का नाही?" असं लिहा. याच तीन वस्त्या का? ६० चा आकडा कुठून आला? मुलाखत घरी घेतली की कामाच्या ठिकाणी?

पार्श्वभूमीचे साधे प्रश्नही दोन-तीन लिहून ठेवा. पीएमपीएमएल कधी झाली, आधी काय होतं? २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र करून झाली, हे पहिल्या प्रकरणात लिहिलेलं असतं, पण चार वर्षांपूर्वी लिहिलेलं ते पहिलं प्रकरण आपण विसरलेले असतो.

परीक्षकांचं नाव कळलं असेल तर त्यांचे अलीकडचे दोन-तीन लेख वाचा आणि शोधगंगेवर त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध चाळा. आयुष्यभर ज्यांनी अंतर आणि रोजगार यांवर काम केलं, ते अंतराबद्दल विचारणारच. आणि व्हायवा खुला असतो, तेव्हा आपल्या विभागातल्या दोन-तीन व्हायवांना जाऊन मागच्या रांगेत बसा. कोणते प्रश्न येतात यापेक्षा उमेदवार कुठे लांबण लावतो ते टिपा.

दुसरी पायरी: तीन वाक्यांचं उत्तर

पहिलं वाक्य म्हणजे थेट उत्तर. हो, नाही, इतके, यामुळे. दुसरं वाक्य म्हणजे थिसिसमधला पुरावा आणि त्याचं पान. तिसरं वाक्य म्हणजे मर्यादा: हे उत्तर कुठपर्यंत खरं आहे. सगळं मिळून साठेक शब्द, म्हणजे बोलताना सुमारे अर्धा मिनिट. याहून लांब उत्तर पाठ होत नाही, आणि झालंच तर परीक्षक मध्येच तोडतात.

करोनाच्या प्रश्नाची वहीतली नोंद अशी दिसेल:

> प्रश्न: त्या वर्षी लॉकडाउनमुळेच कामं गेली. तुम्ही ती प्रवासाच्या खात्यात कशी घातलीत?
> उत्तर: घातलेली नाहीत. प्रश्नावलीत काम सुटण्याचं कारण वेगळं विचारलं होतं आणि "मालकांनी बंद केलं" हा पर्याय वेगळा मोजला, तक्ता ४.७ मध्ये फक्त "प्रवासाचा त्रास" सांगणाऱ्या ४९ जणी आहेत. पण कारण त्यांनी स्वतः, काही महिन्यांनंतर आठवून सांगितलेलं आहे, ही मर्यादा राहते.
> पान: परिशिष्ट २, प्रश्न १४ (पान २०३), तक्ता ४.७ (पान १३२). मर्यादा (पान ६८)

तिसरं वाक्य गाळू नका. नव्या विद्यार्थ्यांना वाटतं की मर्यादा सांगितली की आपण पडलो. होतं उलटच. मर्यादा तुम्हीच आधी सांगितली की परीक्षकांचा पुढचा प्रश्न तिथेच मिटतो, आणि आपल्या माहितीचं वजन या माणसाला ठाऊक आहे हे त्यांना दिसतं.

तिसरी पायरी: आकडे परत करून बघणं

या पायरीला घाई करू नका. मुख्य निष्कर्षाला आधार देणारा तक्ता उघडा आणि कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः हिशेब करा. ७२ पैकी २७ म्हणजे ३७.५ टक्के. १०८ पैकी २२ म्हणजे २०.४ टक्के. आता गोषवारा वाचा. तिथे "सुमारे ४० टक्के महिलांनी" असं लिहिलेलं निघालं, तर तुमच्या हाती एक खरा दोष लागला. गोषवारा बहुतेकदा सगळ्यात शेवटी, रात्री जागून लिहिलेला असतो आणि त्यात आकडे गोल होतात. परीक्षक पहिल्यांदा वाचतात तो मात्र गोषवाराच. वहीच्या शेवटच्या पानावर "दुरुस्त्या" असं शीर्षक घालून हे तिथे टिपा: पान आठ, ४० ऐवजी ३७.५, आणि "महिलांनी" ऐवजी "बस बदलावी लागणाऱ्या महिलांपैकी", कारण एकूण १८० मध्ये हे प्रमाण ४९, म्हणजे २७.२ टक्केच आहे. छेद बदलला की अर्थ बदलतो, आणि टक्क्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त गफलत इथेच होते.

चाचण्यांचंही तसंच. थिसिसमध्ये काय-स्क्वेअर ६.४०, स्वातंत्र्यमात्रा १, पी-मूल्य ०.०११ असं छापलंय. सॉफ्टवेअरने दिलं म्हणून ते उतरवलं, इतकंच उत्तर असेल तर पुढच्या प्रश्नाला तुम्ही अडकाल. "ही चाचणी इथे चालते का?" असं विचारलं तर प्रत्येक चौकटीतली अपेक्षित संख्या पुरेशी मोठी हवी, साधारणपणे पाचाहून जास्त, हे सांगता आलं पाहिजे. आपल्या तक्त्यातली सगळ्यात लहान अपेक्षित संख्या ७२ गुणिले ४९ भागिले १८०, म्हणजे १९.६. एवढा एक हिशेब वहीत हाताने करून ठेवला की त्या भागात परीक्षकांनी कुठूनही विचारलं तरी पाय घसरत नाही.

एक अवघड प्रश्न शेवटपर्यंत

आता या थिसिसला विचारला जाऊ शकेल असा सगळ्यात कठीण प्रश्न घेऊ. सामाजिक शास्त्रांतल्या पुष्कळ प्रबंधांना तो लागू पडतो.

"मॅडम, तुमचा नमुना हेतुपुरस्सर निवडलेला आहे. ओळखीतून ओळखी काढत तुम्ही १८० जणींपर्यंत पोहोचलात. मग पी-मूल्य कशाला काढलंत? ती चाचणी तर यादृच्छिक नमुना गृहीत धरते."

पहिल्या फेरीत बहुतेक जण असं काहीतरी लिहितात: "आधीच्या अनेक संशोधकांनी अशीच पद्धत वापरली आहे." हे उत्तर वहीतून खोडून टाका. दुसऱ्यांनी केलं हा आधार होत नाही, आणि त्याला पानही नाही.

आता थिसिसमध्ये शोधा. पान ६२ वर लिहिलंय की घरकामगारांची पूर्ण यादी मिळत नाही, म्हणून यादृच्छिक निवड शक्य नव्हती. पान १३४ वर लिहिलंय की निष्कर्ष अभ्यासलेल्या महिलांपुरते आहेत. हे दोन्ही कामाचं आहे. उत्तर असं होतं: "सर, हरकत बरोबर आहे. नमुना यादृच्छिक नाही, त्यामुळे या पी-मूल्याच्या जोरावर मी पुण्यातल्या सगळ्या घरकामगारांबद्दल दावा करत नाही, ३७.५ आणि २०.४ मधला फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याइतका लहान आहे का, एवढंच जोखायला ती चाचणी वापरली (पान ६२, १३४). मुख्य आधार टक्क्यांमधला फरक आणि मुलाखतींचा आहे."

ठीक जमलं. पण काम इथे संपत नाही. असं उत्तर लिहिलं की आख्खी थिसिस पुन्हा एकदा फक्त या एका नजरेने चाळायची: मी कुठे याच्या विरुद्ध बोललो आहे का? आणि पान १७१ वर, निष्कर्षात, वाक्य सापडतं: "यावरून पुण्यातील घरकामगार महिला बस बदलावी लागल्यास काम सोडतात असे सिद्ध होते." आता तुमचं सुंदर उत्तर आणि तुमचंच पान समोरासमोर उभं आहे. परीक्षक नेमकं तेच पान उघडून ठेवतात.

जमा केलेली थिसिस आता बदलता येत नाही, तेव्हा उत्तर बदलायचं. चौथं वाक्य जोडा: "पान १७१ वरचं वाक्य मात्र पुराव्यापेक्षा मोठं झालं आहे, तिथे 'अभ्यासातील महिलांमध्ये संबंध दिसतो' असं हवं, आणि ती दुरुस्ती मी करेन." दुरुस्त्यांच्या पानावरही नोंद करा. हे वाक्य परीक्षकांनी दाखवल्यावर बोलणं आणि स्वतःहून बोलणं यांत फार फरक पडतो. पहिल्यात तुम्ही पकडले जाता, दुसऱ्यात तुम्ही तुमच्या कामाचे जाणकार ठरता.

अंतराचा प्रश्नही याच घरातला. लांब राहणं आणि बस बदलणं हे वेगळं केलंय का? थिसिसमध्ये केलेलं नसेल तर "केलेलं नाही" हेच पहिलं वाक्य. मग अंतराची माहिती प्रश्नावलीत आहे का ते बघा. असेल तर "माहिती गोळा केलेली आहे, पान २०१, पण तसं विश्लेषण या प्रबंधात नाही" असं म्हणा. व्हायवाच्या आदल्या आठवड्यात नवं विश्लेषण करून ते जुन्यासारखं सादर करू नका. गाइडच्या संमतीने केलंच, तर "जमा केल्यानंतर पाहिलं" असं स्पष्ट सांगा.

थिसिसमध्ये उत्तरच नसेल तर

असे चार-पाच प्रश्न निघतातच. इथला ठळक प्रश्न मेट्रोचा. मुलाखती फेब्रुवारी २०२२ मध्ये संपल्या आणि ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी ते फुगेवाडी असे मेट्रोचे पहिले टप्पे सुरू झाले. २९ सप्टेंबर २०२४ ला ती स्वारगेटपर्यंत आली, म्हणजे जनता वसाहतीच्या बऱ्यापैकी जवळ. "तुमचे निष्कर्ष आज शिळे झालेत का?" हा प्रश्न येणार म्हणजे येणार.

अशा वेळी दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. थिसिस काय सांगते: अभ्यासाचा काळ पान ५९ वर नोंदलेला आहे आणि निष्कर्ष त्या काळाचे आहेत. आणि तुम्हाला आज काय वाटतं: मेट्रो आली तरी वस्तीतून स्टेशनापर्यंत आणि स्टेशनातून सोसायटीपर्यंत पोहोचायचं आहेच, म्हणजे वाहन बदलण्याचा प्रश्न तपासण्याजोगा उरतोच. वहीत दुसरा भाग वेगळ्या रंगाच्या पेनने लिहा, आणि बोलताना "हे माझं मत, प्रबंधात तपासलेलं नाही" असं म्हणूनच बोला. या दोन रंगांची सरमिसळ झाली की परीक्षक तुमच्या मताला पुरावा मागतात.

ज्याचं उत्तर ना थिसिसमध्ये आहे ना तुमच्याकडे, तिथे "हे मी पाहिलेलं नाही, सर" एवढंच लिहून ठेवा. हे वाक्यही तोंडी सराव करण्यासारखं आहे, कारण सराव नसेल तर माणूस घाबरून काहीतरी बोलत सुटतो.

चौथी पायरी: दुसऱ्याच्या तोंडून प्रश्न

वही झाली की ती दुसऱ्याच्या हाती द्या. शक्यतो वेगळ्या विषयाचा मित्र, कारण आपल्या विषयाचा माणूस अर्धवट उत्तरही समजून घेतो. त्याने प्रश्न क्रमाने विचारू नयेत, आणि शब्द बदलून विचारावेत. तुमच्यासमोर वही नको, फक्त थिसिस. पान सापडायला पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त लागले तर तिथे चिकटपट्टी हवी. मात्र पंधरा-वीसहून जास्त पट्ट्या लावल्या की कुठलीच सापडत नाही.

तीन खुणांवर लक्ष ठेवायला त्याला सांगा. "म्हणजे त्याचं असं आहे की..." ने सुरुवात झाली तर पहिलं वाक्य तयार नाही. उत्तर मिनिटाच्या पुढे गेलं तर दोन प्रश्न एकात घुसले आहेत, ते वहीत वेगळे करा. आणि एकाच प्रश्नाला दोन दिवशी दोन वेगळे आकडे आले तर परत तक्त्याकडे जा. उत्तरं शब्दशः पाठ करू नका. पहिलं वाक्य आणि पान क्रमांक एवढंच पक्कं असू द्या.

प्रत्यक्ष व्हायवाला वही पिशवीत राहू द्या. टेबलावर पट्ट्या लावलेली थिसिस आणि एक कोरा कागद ठेवा. प्रश्न आला की दोन शब्दांत तो कागदावर लिहा, मग उत्तर द्या. लांबलचक प्रश्नातला दुसरा भाग असा निसटत नाही. परीक्षकांनी दाखवलेला दोष तुमच्या दुरुस्त्यांच्या पानावर आधीच असेल तर तसं सांगा. नसेल तर त्याच कागदावर पान क्रमांकासह लिहून घ्या आणि ते संध्याकाळच्या आत वहीत उतरवा, कारण अंतिम प्रत करताना गाइड नेमकी तीच यादी मागतात.